सव्वाअकरा हजारांच्या आसपास क्लेम टाकला, खात्यात अडीच हजारसुद्धा नाही

प्रश्न: कंपनीच्या कामाला 2 रात्री रत्नागिरीला होतो. हॉटेल कंपनीच्या कार्डावर 6,720 (रूम 3,200 अधिक टॅक्स), जेवण खिशातून 450, 1,150 आणि 500, टॅक्सी 2,400. क्लेम 11,220 चा, आले फक्त 2,480. बाकीचे कापले का? लिमिट हॉटेलला 2,500 टॅक्स सोडून, जेवण दिवसाला 600.

उत्तर: मी लोट्याला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, असे क्लेम रोज बघतो. 8,740 कापलेत असं वाटतंय ना, तसं नाहीये, खरे कापलेत 2,020.

कार्डाचे 6,720 तुमच्या खिशातून गेलेच नाहीत, ते कंपनी बँकेला भरणार, क्लेममध्ये टाकायचे ते फक्त बिल जुळवायला. तुमचे स्वतःचे गेले 4,500. त्यात टॅक्सी पूर्ण पास झालेली दिसते. जेवणाचं लिमिट रोजचं वेगळं धरतात, पहिल्या दिवशी वाचलेले दीडशे दुसऱ्या दिवशी चालत नाहीत, म्हणून 1,150 चे 600 झाले आणि 550 गेले. राहिले 3,950.

आता हॉटेल. रूम लिमिटच्या वर रात्रीला 700, दोन रात्रींचे 1,400 आणि त्यावरचा 5 टक्के जीएसटी 70, असे 1,470 तुमचा पर्सनल खर्च धरला. पण ते कार्डावरून आधीच गेलेत, मग वसूल कुठून करणार, तर तुमच्या 3,950 मधून. उरले 2,480. हिशोब बरोबर आहे, फक्त पोर्टलवर तो कोणाला कळेल असा दाखवत नाहीत ही खरी बोंब.

एक मात्र बघून घ्या, कार्डाचं बिल कोण भरतं. काही कंपन्यांत बँक कर्मचाऱ्याच्याच खात्यातून पैसे ओढते. तसं असेल तर तुम्हाला मंजूर झालेले सगळे 9,200 यायला हवे होते, म्हणजे अजून 6,720 येणं बाकी आहे, लगेच फोन करा, उशिराचा दंड तुमच्या नावावर बसेल.

कापलेल्यातलं परत काय मिळेल? 1,150 च्या जेवणाला क्लायंट किंवा दुसरा कलीग सोबत होता का? असेल तर ते रोजच्या जेवणात नाही, क्लायंट मीलमध्ये जातं, बिलावर कोण कोण होतं ते लिहून द्या. हॉटेलचं म्हणाल तर मे महिन्यात किंवा गणपतीत गेला असाल तर 2,500 ला बरी रूम कुठून मिळणार, मॅनेजरला तसं मेल करून एक्सेप्शन मागा. खरं तर हे बुकिंगच्या आधी मागायचं असतं, नंतर देतात पण कुरकुर करून. आणि क्लेम नवीन टाकू नका, तेच बिल दुसऱ्यांदा दिसलं की डुप्लिकेट म्हणून अडकतं, जुनाच क्लेम री-ओपन करायला सांगा.