थीसिसमधलं ‘डिस्कस्ड अबाउट’ काढताना

‘रिप्लेस ऑल’ दाबू नकोस, पहिल्या ड्राफ्टला सगळे तिथेच फसतात. आपण ‘द्राक्षबागांबद्दल चर्चा केली’ म्हणतो, त्या ‘बद्दल’मुळे ‘डिस्कस्ड’मागे ‘अबाउट’ येतं. क्रियापदामागचं काढ, पण ‘डिस्कशन अबाउट’ बरोबर आहे, ते राहू दे.

‘रिव्हर्ट बॅक’ सोपं: उत्तर आलं असेल तर ‘रिप्लाइड’ लिही. मूळ स्थितीत परतणं म्हणायचं असेल तर नुसतं ‘रिव्हर्टेड’.

खरा वेळ ‘द सेम’ला दे. निफाडच्या बागायतदारांवरच्या एका ड्राफ्टमध्ये होतं, ‘फार्मर्स वेअर इंटरव्ह्यूड अँड द सेम वॉज रेकॉर्डेड.’ काय रेकॉर्ड झालं? मुलाखत की उत्तरं? विचारल्यावर कळलं, फक्त उत्तरं वहीत टिपली होती. मग ‘देअर आन्सर्स वेअर नोटेड डाउन’ केलं. Ctrl+F मध्ये शोध, प्रत्येक जागी नेमकं नाम घाल. नाम सुचत नसेल, तर आधीचं वाक्यच धूसर आहे. मात्र ‘द सेम मेथड’ला हात लावू नकोस.