टीव्हीच्या प्रश्नमंजुषेत गुण कसे द्यायचे

अगं, गणपतीत सगळे जमल्यावर टीव्हीवरच्या मालिकांची प्रश्नमंजुषा ठेवते आहेस ना, मग आधी गट पाड. आजोबा, काका आणि मुलं असे वयानुसार गट करू नकोस. प्रत्येक गटात एक ज्येष्ठ, एक मधल्या वयाचा आणि एक लहान हवाच.

खरी भांडणं 'पास'वर होतात. समज, 'रामायण' दूरदर्शनवर कधी सुरू झालं, हा प्रश्न पहिल्या गटाला आला आणि त्यांनी पास केला. शेजारी बसलेल्या दुसऱ्या गटाने '1987' सांगून आयते गुण घेतले. पहिला गट कच्चा असेल तर दुसऱ्याची दर वेळी चंगळ, तिसऱ्यापर्यंत काही पोचतच नाही. म्हणून थेट उत्तराला 10, पासवरच्या उत्तराला 5, आणि निम्मे प्रश्न झाले की पास उलट्या दिशेने फिरव. पुढचा थेट प्रश्न मात्र ठरल्या क्रमानेच द्यायचा. पासवर उत्तर दिलं म्हणून कोणाची पाळी जात नाही.

चुकीच्या उत्तराला गुण कापायचे असतील तर ते फक्त पासवर, आणि तेही 2च. थेट प्रश्नावर कापलेस तर लहान मुलं तोंडच उघडत नाहीत.

सालाच्या प्रश्नात एक वर्ष इकडेतिकडे चालेल का, हे खेळ सुरू व्हायच्या आधीच सांग. 'हम लोग'साठी कोणी 1985 म्हणालं (बरोबर 1984) की मध्येच सूट देऊ नकोस, विशेषतः म्हणणारा तुझाच लेक असेल तर. आणि गुण वहीत नको, सगळ्यांना दिसतील असे फळ्यावर लिही.