तीनदा उतरलेले, तीनदा परत आलेले वजन

“मॅडम, गेल्या दहा वर्षांत मी तीनदा वजन उतरवले आणि तिन्ही वेळा ते परत आले, तेही तीन-चार किलो वाढवून. आता पुन्हा डाएट सुरू करायचे म्हटले की धडकी भरते. या चढउतारांनी शरीराचे कायमचे नुकसान झाले असेल का? की माझ्यातच जिद्द कमी आहे?”

हा प्रश्न विचारणाऱ्या बाई चव्वेचाळीस वर्षांच्या असून बँकेत नोकरी करतात. त्यांची ओळख पटू नये म्हणून इतर तपशील बदलले आहेत. पहिल्या भेटीत मी त्यांना काय खाता हे न विचारता वजनाचा इतिहास कागदावर मांडायला सांगितला. 68 वरून 59, मग 71; त्यावरून 61, मग 75; शेवटी 64, आणि आता 78. उतरण प्रत्येक वेळी तीन-चार महिन्यांची होती आणि तिच्यामागे भावाचे लग्न किंवा परदेशचा प्रवास असे एखादे निमित्त होते. ते निमित्त संपल्यावर काय खायचे, याची योजना मात्र एकाही वेळी नव्हती.

वजन परत येण्यात जिद्दीपेक्षा शरीराच्या प्रतिकाराचा वाटा मोठा असतो. वजन झपाट्याने उतरले की शरीर कमी ऊर्जेत भागवू लागते, पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन घटते आणि भूक वाढवणारे घ्रेलिन वाढते. हे बदल वर्षभरानंतरही टिकून राहू शकतात, असे मेलबर्नमधील संशोधकांनी 2011 मध्ये दाखवले. त्याआधी 1944-45 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. पुढे अन्न मुबलक मिळू लागल्यावरही त्यांच्यातील अनेकांची भूक शमेना, आणि स्नायू पूर्ववत होण्याआधीच चरबी मूळ प्रमाणाच्या पुढे गेली. या तरुणांपैकी कोणीही आधी लठ्ठ नव्हता, हे मी त्या बाईंना मुद्दाम सांगितले.

नुकसानीबद्दल बोलायचे तर चित्र संमिश्र आहे. वजनाच्या मोठ्या चढउतारांचा हृदयविकार आणि मधुमेहाशी संबंध काही अभ्यासांत आढळतो, काहींत आढळत नाही. शिवाय आधीपासूनच असलेला लठ्ठपणा किंवा आजार त्यात किती कारणीभूत होता, हे वेगळे काढणे अवघड असते. त्यामानाने दोन गोष्टी अधिक ठामपणे सांगता येतात. आठवड्याला दीड किलोपेक्षा वेगाने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. आणि केवळ रस, सूप व सॅलडवर काढलेल्या दिवसांत, प्रथिने व व्यायाम दोन्ही नसल्याने, चरबीबरोबर स्नायूही झिजतात. बाईंची तीन महिन्यांची सरासरी साखर 5.9, म्हणजे मधुमेहपूर्व टप्प्यातली होती. त्याकडे लक्ष देणे गरजेचे होते, पण घाबरून पुन्हा उपाशी राहणे हा त्यावरचा उपाय नव्हता.

मला अधिक काळजी वाटली ती त्यांच्या संध्याकाळची. दिवसभर काकडी आणि ताकावर राहून त्या घरी येत, फरसाणाची एक मूठ तोंडात टाकत आणि “आता मोडलेच आहे, तर सोमवारपासून बघू” असे म्हणून रात्री सगळे झोपल्यावर एकट्याच भरमसाट खात. सकाळी काटा दीड किलो वर दाखवी. एका रात्रीतली ही वाढ मुख्यतः मीठ आणि पिष्टमय पदार्थांसोबत शरीरात साठलेल्या पाण्याची असते, हे ठाऊक नसल्याने त्या दिवशी त्या पुन्हा उपवास धरत आणि रात्री पुन्हा तेच होई.

म्हणून पहिले तीन महिने वजन उतरवायचे नाही, फक्त स्थिर ठेवायचे, असे आम्ही ठरवले. त्यांना हे मुळीच पटले नव्हते. दोन खाण्यांमध्ये चार तासांहून जास्त अंतर नको, दुपारच्या डब्यात पोळी-भाजीबरोबर उसळ किंवा अंडी हवीत, आणि पाच वाजता, म्हणजे बँकेतून निघण्याआधी, काहीतरी खायचेच. वजन आठवड्यातून एकदाच करायचे. आहारतज्ज्ञांनी प्रमाण ठरवून दिले आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारे व्यायाम सुरू झाले. ठरल्याबाहेर काही खाल्ले गेले, तर भरपाई म्हणून पुढचे जेवण टाळायचे नाही, एवढा एकच नियम कडक होता आणि तोच त्यांना सर्वांत जड गेला.

तीन महिन्यांनी वजन 77 होते, पण रात्रीचे खाणे जवळजवळ थांबले होते. त्यानंतरच 74 हे उद्दिष्ट घेतले, कारण वजन पाच टक्क्यांनी घटले तरी साखरेवर चांगला परिणाम दिसू शकतो. 59 चा आकडा त्यांच्या मनातून अजून गेलेला नाही, त्यावर आमचे बोलणे चालू आहे. अशा प्रकारे ताबा सुटून खाणे आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने होत असेल, तर कोणतेही नवे डाएट सुरू करण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. त्या विकारावर उपचार आहेत आणि त्यांचा क्रम वजनाच्या आधी येतो.