चर्चमधलं वचन आणि बाळाचं बारसं

«मी गिरगावची, हिंदू. तो वांद्र्याचा ईस्ट इंडियन, कॅथलिक. फादर म्हणतात, मुलांबद्दल वचन द्यावं लागेल. आम्ही तर ‘मुलं मोठी झाली की ठरवतील’ असं ठरवलं होतं. मी सही करू का?»

सही तुझी नाही, त्याची असते. १९७० पूर्वी दोघांकडून वचन घेत. आता फक्त कॅथलिक जोडीदार वचन देतो की मुलांचा बाप्तिस्मा व्हावा आणि ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी तो आपल्या परीने सगळे प्रयत्न करेल. या वचनाची तुला पूर्ण कल्पना द्यायची, एवढाच तुझा संबंध. बिशपांची परवानगी, म्हणजे डिस्पेन्सेशन, या वचनाशिवाय मिळत नाही.

म्हणून त्याला आधी विचार, तो हे मनापासून देणार आहे का? ‘नुसता कागद आहे गं, सही करून टाकतो’ असं तो म्हणाला तर तिथेच थांबा. तुला एक सांगून फादरना दुसरं सांगणं पुढे फार महागात पडतं. आपली अडचण फादरसमोर दोघांनी मिळून मांडा. बाप्तिस्म्याला आईवडिलांपैकी एकाचीही संमती चालते, हेही आजच माहीत असू दे.

‘मोठी झाली की ठरवतील’ हे ऐकायला बरं वाटतं, पण बाळ झालं की बाराव्या दिवशी तुझी आई पाळणा बांधायला येणार आणि पुढच्या काही महिन्यांत सासूबाई बाप्तिस्म्याची तारीख विचारणार. दोन्ही टाळलंत तरी तो निर्णयच झाला, आणि त्याचं उत्तर बाळंतिणीला द्यावं लागतं.

आमच्याकडे लग्नाआधीच बोलणं झालं होतं. बारसं गिरगावात, कुंची घालून, पाळणा म्हणून. बाप्तिस्मा नंतर नवऱ्याच्या पॅरिशमध्ये. गॉडफादर कॅथलिकच लागतो, त्यामुळे माझ्या भावाला तो मान मिळणार नाही हे त्याला आधीच सांगितलं होतं. नाव दोन्ही घरांत हाक मारता येईल असं. मुलगी रविवारी मिस्सा आणि संडे स्कूलला जाते, गणपतीत आजोळी आरतीला उभी राहते.

आम्ही अडलो ते पहिल्या कम्युनियनपाशी, म्हणजे मूल मिस्सेत पहिल्यांदा पवित्र भाकर घेतं तिथे. साधारण सात-आठ वर्षांचं मूल वर्गाला बसतं, तिथे शिकवतात ते खरं मानतं आणि घरी येऊन विचारतं, ‘आई, तू का नाही घेत?’ मी तिला सांगितलं, ‘मी वेगळी प्रार्थना करते, बाबांना माहीत आहे.’ बाबा शेजारीच बसले होते, आणि ते महत्त्वाचं होतं. या प्रश्नाला तुम्ही दोघं काय उत्तर द्याल, हे आत्ताच एकमेकांना सांगून बघा. उत्तरं जुळत नसतील तर डिस्पेन्सेशनचा अर्ज महिनाभर लांबला तरी चालेल.

बाप्तिस्म्याला तुझं मन तयारच होत नसेल, तर स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लग्न होतं, तीस दिवसांची नोटीस देऊन. पण डिस्पेन्सेशन नसेल तर चर्च ते लग्न मानत नाही आणि त्याला कम्युनियन घेता येत नाही. त्याच्या आईला हे किती लागेल ते तिच्या तोंडून ऐक, त्याच्या नाही.