सुट्टीवर जाताना बाहेरच्यांसाठी ऑटोरिप्लाय

"मी अंबडच्या एका कंपनीत डिस्पॅच बघते. आठवडाभर रजा घेतली की बाहेरच्या ग्राहकांची कामं अडतील म्हणून जीव टांगणीला लागतो. गेल्या खेपेला ऑटोरिप्लाय लावला होता, तरी लग्नघरात माझा फोन वाजतच राहिला. आता पुन्हा जायचंय. काय लिहू?"

जुना मजकूर उघडून पाहिला: 'मी सुट्टीवर आहे. परतल्यावर लवकरात लवकर उत्तर देते. तातडीचं असल्यास फोन करा.' खाली सहीत स्वतःचाच मोबाइल नंबर. फोन तिनेच बोलावून घेतले होते. ट्रक गेटवर उभा असलेल्याला 'लवकरात लवकर' म्हणजे आज संध्याकाळ वाटते.

पर्यायी नाव का दिलं नाही, असं विचारल्यावर ती जरा थांबून म्हणाली, "माझ्यावाचून चालतं असं दिसेल ना!" खरी गाठ बहुधा इथेच असते.

रजा सोमवार १० ते शनिवार १५ नोव्हेंबर. उत्तर १७ तारखेला देईन, असं तिला लिहायचं होतं. पण साचलेले मेल नुसते चाळण्यातच पहिला दिवस जातो, म्हणून १९ ठरवली. सहकाऱ्याला आधी विचारलं, तर तोही गुरुवारी रजेवर. मग एका माणसाऐवजी डिस्पॅचचा सामायिक मेल दिला, कारण तो दोघं जण बघतात. त्यांना अडकलेल्या ऑर्डरींची यादी दिली. मजकूर असा झाला:

'मी १० ते १६ नोव्हेंबर कार्यालयात नाही आणि या काळात मेल पाहणार नाही. गाडी, चलन किंवा ई-वे बिलाचं काम असल्यास ऑर्डर क्रमांकासह डिस्पॅच विभागाला (खालील पत्त्यावर) लिहा. तिथून कामाच्या दिवशी ४ तासांत उत्तर येईल. बाकी मेलना मी १९ नोव्हेंबरपर्यंत उत्तर देईन.'

४ तास हा आकडा त्या दोघांनीच दिला. तिने २ म्हटलं होतं. सहीतला मोबाइल काढला. कुठे चाललो, कशासाठी, हे बाहेरच्यांना सांगायचं नाही. परराज्यातल्या ग्राहकांसाठी खाली हेच इंग्रजीत.

आउटलुकमध्ये हा मजकूर Outside My Organization या टॅबमध्ये जातो. Inside My Organization हा कंपनीतल्यांचा. एका पाठवणाऱ्याला उत्तर एकदाच जातं, म्हणून 'उद्या', 'पुढच्या सोमवारी' असे शब्द नकोत, तारीखच हवी.

चाचणी शेजारच्या टेबलावरून घेऊन उपयोग नाही, त्याला आतलाच मजकूर दिसतो. तिने स्वतःच्या खासगी जीमेलवरून मेल टाकला. काहीच आलं नाही. टॅब पुन्हा उघडला, तर गेल्या खेपेचं My Contacts only तसंच निवडलेलं. म्हणजे नव्या ग्राहकांना तेव्हा उत्तर गेलंच नव्हतं. Anyone outside my organization निवडून दुसरा मेल टाकला, आणि ती पर्स उचलायच्या आत फोनवर उत्तर आलं.