मीटिंगची रेकॉर्डिंग १२० दिवसांनी डिलीट होणार अशी नोटीस आलीये, सगळी डाउनलोड करून ठेवू का?

प्रश्न: आमच्या इन्स्टिट्यूटच्या ऑफिसातून नोटीस आलीये की टीम्सवरच्या मीटिंगची रेकॉर्डिंग १२० दिवसांनी आपोआप डिलीट होतील आणि त्याआधीची जुनी या महिनाअखेर काढून टाकणार. माझ्याकडे विभागाच्या दोन वर्षांच्या मीटिंगची रेकॉर्डिंग आहेत. सगळी पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवू का?

उत्तर:

नका ठेवू. म्हणजे सगळी नका ठेवू. मी पुण्यातल्या एका अनुदानित संस्थेच्या आस्थापना विभागात आहे आणि आमच्याकडची अशीच नोटीस मीच ड्राफ्ट केली होती, त्यामुळे तिच्या पोटात काय असतं ते सांगतो.

१२० हा आकडा बहुतेक तुमच्या ऑफिसने डोकं लढवून काढलेला नाहीये, तो टीम्सचा डिफॉल्ट आहे. बदलता येतो, पण बदलला तरी तो फक्त त्यानंतर होणाऱ्या रेकॉर्डिंगला लागतो, आधीच्या फाइलींवर जी तारीख पडलीये तीच राहते. म्हणूनच नोटिशीत 'जुनी काढून टाकणार' असं वेगळं वाक्य आहे, ते काम सेटिंगने होत नाही, कुणीतरी माणूस बसून करतो. तो माणूस कोण आणि कुठली यादी घेऊन बसणार हे आधी विचारा, कारण खरी गडबड तिथेच होते. आयटीवाल्यांना सध्याचा आकडा बघायचा असेल तर पॉवरशेलमध्ये एवढंच:

```
Get-CsTeamsMeetingPolicy -Identity Global | Select NewMeetingRecordingExpirationDays
```

उत्तर -1 आलं तर नव्या रेकॉर्डिंगवर एक्सपायरीची तारीखच पडत नाही, मग नोटीस काहीही म्हणो. फक्त एक, कुणाकुणाला वेगळी पॉलिसी लावलेली असू शकते, हे ग्लोबलचं उत्तर आहे.

आता डिलीट म्हणजे काय. आमच्याकडे खरेदी समितीची मीटिंग १० जूनला झाली, रेकॉर्ड केली होती. १२० दिवस मोजले की ८ ऑक्टोबर येतो. त्या दिवशी फाइल नष्ट होत नाही, ज्याच्या वनड्राइव्हमध्ये आहे त्याच्या रिसायकल बिनमध्ये जाते आणि तिथे साधारण ९० दिवस पडून राहते, म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, अर्थात मधे कुणी बिन रिकामा केला नाही तर. मालकाला ईमेल येतो, जो आपण कुणीच वाचत नाही.

२५ सप्टेंबरला माहिती अधिकारात अर्ज आला, त्याच मीटिंगचं रेकॉर्डिंग द्या म्हणून. अर्ज आवक-जावकला नोंदवला गेला, टेबलावर आला, फाइलीत गेला, पण रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्या माणसाला कुणी बोललंच नाही. आम्ही १४ ऑक्टोबरला शोधायला गेलो तर फाइल गायब. जन माहिती अधिकारी मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, कारण कलम २० मध्ये मागितलेली माहिती नष्ट केली तर दंड आहे, दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० आणि तो संस्थेला नाही तर त्या अधिकाऱ्याला स्वतःला बसतो. बिनमध्ये सापडली म्हणून वाचलो. रिस्टोअर केली की फाइलवरची एक्सपायरीची तारीख निघून जाते, म्हणजे ती परत आपोआप उडत नाही, हेही तेव्हाच कळलं.

त्यानंतर आम्ही नोटिशीत एक ओळ घातली जी मला वाटतं तुमच्या नोटिशीत आहे का हे सगळ्यात आधी बघा: माहिती अधिकाराचा अर्ज, अपील, चौकशी किंवा कोर्टाचं प्रकरण चालू असेल तर त्या मीटिंगचं रेकॉर्डिंग प्रकरण संपेपर्यंत काढायचं नाही. संपेपर्यंत म्हणजे उत्तर दिलं म्हणजे संपलं असं नाही, पहिल्या अपीलला ३० दिवस आणि दुसऱ्याला ९० दिवस असतात, तेवढं थांबायचं. आणि अर्ज आल्याच्या दिवशीच आवकवाल्याने आयटीला कळवायचं. नोटिशीत हे नसेल तर लेखी विचारा, तोंडी नको.

बाकी मीटिंगचं काय? इथे एक गोष्ट समजून घ्या की ऑफिसच्या नजरेत रेकॉर्डिंग हा मीटिंगचा पुरावा नसतो, इतिवृत्त हा असतो. प्रत्येक अजेंड्यावर विषय क्रमांक १ काय असतो, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे', बरोबर? ते कायम झालं की रेकॉर्डिंगचं काम संपलं, ते लिहिताना मदत व्हावी म्हणूनच केलेलं असतं. इतिवृत्ताची फाइल अभिलेखाच्या वर्गवारीप्रमाणे वर्षानुवर्षं राहते, व्हिडिओला त्यात सहसा जागाच दिलेली नसते. म्हणून १२० दिवसांचा हिशोब तुमच्या मीटिंगशी जुळतो का ते तपासा. विभागाची मीटिंग महिन्याला होत असेल तर प्रश्न नाही, पण सहा महिन्यांनी भेटणारी समिती असेल तर इतिवृत्त कायम होण्याआधीच रेकॉर्डिंग जातं आणि मग कोण काय बोललं यावर भांडण. अशा मीटिंगच्या फाइलवर मालकाला एक्सपायरी वाढवता येते, वनड्राइव्हमध्ये Recordings फोल्डर, फाइलचे डिटेल्स, तिथे तारीख दिसते, ती बदला.

मालक कोण हे मात्र बघून घ्या. फाइल मीटिंग ठेवणाऱ्याच्या किंवा रेकॉर्ड दाबणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये असते, चॅनेलवरची मीटिंग असेल तर शेअरपॉइंटवर. आमचे एक सर ३१ जुलैला रिटायर झाले, अकाउंट डिलीट केलं आणि त्यांची सगळी रेकॉर्डिंग ऑगस्टच्या शेवटी साफ, कारण डिलीट केलेल्या युजरचं वनड्राइव्ह डिफॉल्टने ३० दिवसच राहतं. तिथे १२० दिवसांची नोटीस कामाची नाही. बदली किंवा निवृत्तीच्या नो ड्यूजमध्ये रेकॉर्डिंग सोपवणं हा रकाना आम्ही त्यानंतर घातला.

आता तुमचा पेन ड्राइव्ह. डाउनलोड केलेल्या कॉपीवर एक्सपायरीची तारीख नसते, ती कायमची राहते, तुम्हाला वाटेल चांगलंच आहे. पण उद्या कुणी रेकॉर्डिंग मागितलं आणि ऑफिसने 'आमच्याकडे नाही' असं लिहून दिलं आणि ते तुमच्या ड्रॉवरमधून निघालं, तर स्पष्टीकरण तुम्ही द्यायचं. शिवाय त्या व्हिडिओत कुणाची रजा, कुणाचा आजार, कुणाची तक्रार असं सगळं असतं, ते पेन ड्राइव्हवर घेऊन फिरायचं नसतं.

आणि हो, व्हिडिओ गेला तरी ट्रान्सक्रिप्ट गेलीच असं धरू नका, तिची प्रत मीटिंग ठेवणाऱ्याच्या खात्यात वेगळी राहू शकते. डिलीट करायचं असेल तर तिचंही नाव यादीत हवं.

तुमच्या दोन वर्षांसाठी मी असं करेन: एका कागदावर तारीख, मीटिंग, इतिवृत्त कायम झालं का, काही प्रकरण चालू आहे का, एवढे चार रकाने. ज्या फाइलींसमोर 'झालं' आणि 'नाही' येईल त्या जाऊ द्या, बहुतेक त्याच असतील. उरलेल्या पाच-सहांची यादी महिनाअखेरच्या आधी रजिस्ट्रारना ईमेल करा की या ठेवाव्यात, कारण हे, आणि उत्तर येईपर्यंत त्यांची एक्सपायरी वाढवून ठेवा.