28 चे घनमूळ आणि चौथे दशांश स्थळ

प्रश्न: डेरिव्हेटिव्ह वापरून 28 चे घनमूळ 3.0370 आले. हे कितपत बरोबर आहे ते कॅल्क्युलेटरशिवाय कसे ओळखायचे? आणि 34 सारखी संख्या आली तर जवळचा घन कोणता धरायचा?

तुमचे 3.037 बरोबर आहे, पण त्यापुढचे शून्य चूक आहे. याच शून्यावरून कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत असताना माझा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी वाद झाला होता. पूर्वपरीक्षेत हेच उदाहरण होते आणि एका विद्यार्थिनीने उत्तर लिहिले होते, ‘3.037, प्रत्यक्षात किंचित कमी’. नमुना उत्तरात 3.0370 असल्यामुळे सरांनी तिचा अर्धा गुण कापला. त्यांचे म्हणणे असे की 1 भागिले 27 म्हणजे 0.037037… हा भागाकार हवा तितका पुढे नेता येतो, मग चार स्थळे लिहायला हरकत काय? भागाकार अचूक आहे हे मला मान्यच होते. मात्र तो भागाकार dy आहे, म्हणजे स्पर्शिकेवरून जाताना होणारी वाढ, आणि आपल्याला हवी असलेली वाढ वक्रावरची आहे. या दोहोंतला फरक हीच खरी त्रुटी, आणि dy कितीही स्थळांपर्यंत काढला तरी ती तसूभरही कमी होत नाही.

ती त्रुटी किती, हे मी सरांना स्टाफरूममध्येच कागदावर करून दाखवले. त्यासाठी आलेल्या उत्तराचाच घन करायचा. 3 + 1/27 चा घन केला की 27 + 1 + 1/81 आणि एक अगदी क्षुल्लक पद मिळते. म्हणजे आपण 28 च्या पुढे सुमारे 1/81 इतके गेलो आहोत. घनमूळ 3 च्या आसपास असताना मुळातला लहानसा फरक घनात सुमारे 27 पट होऊन दिसतो, म्हणून 1/81 ला 27 ने भागायचे. उत्तर येते 1/2187, म्हणजे सुमारे 0.000457.

दुसऱ्या डेरिव्हेटिव्हच्या वाटेने गेलात तरी हाच आकडा समोर येतो. x^(1/3) चा दुसरा डेरिव्हेटिव्ह −(2/9)x^(−5/3) आहे. 27 ते 28 या टप्प्यात त्याचे निरपेक्ष मूल्य 27 पाशी सर्वाधिक, म्हणजे 2/2187 असते आणि त्रुटी त्याच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही. चिन्ह ऋण आहे, म्हणजे वक्र स्पर्शिकेच्या खाली राहतो आणि अंदाज नेहमी जास्तच येतो. त्यामुळे खरे घनमूळ 3.03658 आणि 3.03704 यांच्या मध्ये असलेच पाहिजे. ही दोन्ही टोके तीन स्थळांपर्यंत 3.037 होतात, म्हणून तेवढे निःशंकपणे लिहावे. चौथ्या स्थळाबद्दल मात्र या मर्यादेतून काहीच ठरत नाही. खरी किंमत 3.03659 आहे, म्हणजे चार स्थळांपर्यंत 3.0366. त्या मुलीचे ‘किंचित कमी’ हे नमुना उत्तरापेक्षा अधिक गणिती होते, असे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणेन. गुण मात्र कापलेलाच राहिला.

34 बद्दल थोडक्यात सांगतो. त्रुटी अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे 27 पासून 7 दूर गेलात की ती जवळपास 49 पट होते. 27 धरून उत्तर 3.2593 येते आणि खरे 3.2396 आहे, म्हणजे दुसरे दशांश स्थळही हातचे गेले. पूर्णांकाचाच घन धरला पाहिजे असा नियम कोठेही नाही. 3.2 चा घन 32.768 होतो, तो धरून उरलेल्या 1.232 ला 3.2 च्या वर्गाच्या तिपटीने, म्हणजे 30.72 ने भागा, तो भागाकार 3.2 मध्ये मिळवा, उत्तर 3.2401 येईल आणि त्रुटी पुन्हा 0.0005 च्या घरात येईल.

एक सावधगिरी मात्र बाळगा. 26 साठी हीच रीत वापरताना 1/2187 ही मर्यादा लागू होत नाही, कारण डावीकडे जाताना दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचे मूल्य वाढत जाते. तेथे अंदाज 2.96296 आणि खरी किंमत 2.96250 आहे. त्रुटी 0.000467, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त आहे. अशा वेळी मर्यादा 26 च्या टोकाला काढावी लागते. शून्याजवळ तर ही रीत वापरूच नये, कारण तेथे स्पर्शिका उभी होत जाते.

परीक्षेत नमुना उत्तर 3.0370 असण्याची शक्यता आहे, तेव्हा गुणांसाठी तेच लिहा. पण त्याखाली ‘त्रुटी 1/2187 हून कमी, उत्तर खऱ्यापेक्षा जास्त’ अशी ओळ जोडा. त्या ओळीचे गुण कापायचे झाले तर तपासणाऱ्याला निदान एकदा घन करून पाहावा लागेल.